रनिंग कमी, तरी ऑइल थकलेलं

माझी धाकटी बहीण पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहते आणि घरापासून 3 किलोमीटरवरच्या शाळेत शिकवते. तिच्याकडे चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. सप्टेंबरच्या शेवटी मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा वायपर बदलायला म्हणून आम्ही दोघं गाडी घेऊन जवळच्या गॅरेजमध्ये गेलो. मेस्त्रींनी वायपर बसवले आणि सवयीने बॉनेट उघडलं. ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून तिच्यासमोर धरलं. आतल्या बाजूला पिवळट, दाट साय चिकटली होती. थंड झालेल्या चहावर धरते तशी.

"ताई, ऑइल कधी बदललंय?"

"मागच्या दसऱ्याला. पण अहो, माझ्या गाडीचं रनिंगच कुठे आहे? वर्षभरात 3,600 किलोमीटर झालं असेल जेमतेम."

मेस्त्री म्हणाले, "तेच तर सांगतोय. रनिंग नाही म्हणूनच झालंय हे."

तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर बहुतेकांना पटत नाही. गाडी कमी चालली म्हणजे कमी झिजली, हा आपला साधा हिशेब असतो. तिच्या मॅन्युअलात 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला असं लिहिलं होतं, आणि त्या हिशेबाने तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. फक्त तो तक्ता तिच्यासाठी नव्हता. मॅन्युअलात तीनचार पानं पुढे दुसरा एक तक्ता असतो. त्याच्या डोक्यावर 'सिव्हिअर' असा शब्द असतो, म्हणजे खडतर वापर. तो शब्द वाचून आपल्या डोळ्यांसमोर लडाखचे रस्ते किंवा वाळवंटातली शर्यत येते आणि आपण पान उलटतो.

आम्ही ते पान उलटलं नाही, गॅरेजच्या बाकावर बसून वाचलं. खडतर वापराच्या यादीत पहिलीच ओळ होती ती वारंवार होणाऱ्या छोट्या फेऱ्यांची. छोटी म्हणजे किती, हे सगळ्या कंपन्या सांगत नाहीत. काही मॅन्युअलांत मात्र ते स्पष्ट असतं: सर्वसाधारण हवेत 8 किलोमीटरपेक्षा कमी, आणि गोठवणाऱ्या थंडीत 16 पेक्षा कमी. पुढे जागेवर बराच वेळ इंजिन चालू ठेवणं, धुळीचे किंवा कच्चे रस्ते, 32 अंशांच्या वरच्या उन्हात दाट रहदारीतून चालवणं, घाटरस्ते, टपावर सामान किंवा मागे ट्रेलर, टॅक्सी म्हणून वापर, सतत थांबत-निघत चालणं अशा गोष्टी येतात. यादी वाचता वाचता बहिणीचा चेहरा बदलत गेला. "अरे दादा, हे तर माझं रोजचंच आहे," ती म्हणाली. पुण्यात, ठाण्यात, नाशकात किंवा नागपुरात गाडी चालवणाऱ्या कोणीही ती यादी वाचावी. यातलं एकही लागू नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तिच्या गाडीचं वर्ष आम्ही कागदावर मांडलं. सकाळी शाळेत जायचं आणि दुपारी परत यायचं. संध्याकाळी मुलाला क्लासला सोडायचं, घरी परतायचं. प्रत्येक फेरी 3 किलोमीटरची, दिवसाला चार वेळा स्टार्टर, रोजचे 12 किलोमीटर. वर्षात असे 300 दिवस धरले तर 3,600 किलोमीटर होतात आणि इंजिन सुरू होतं 1,200 वेळा. आमचा चुलतभाऊ कामासाठी पुण्याहून सोलापूरला जातो. ते अंतर साधारण 250 किलोमीटरचं आहे. तेवढेच 3,600 किलोमीटर भरायला त्याला 14-15 खेपा पुरतात, म्हणजे इंजिन सुरू झालं जेमतेम 15 वेळा. दोन्ही गाड्यांच्या मीटरवर आकडा एकच, पण एकीच्या ऑइलने थंड इंजिनात काम सुरू करण्याचा त्रास 15 वेळा सोसला आणि दुसरीच्या ऑइलने 1,200 वेळा.

हा त्रास नेमका काय असतो, ते समजलं की पुढचं सगळं आपोआप लागतं. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेलं हे पाणी. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. पण पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या फटीतून खाली, ऑइल साठतं त्या तळात उतरतोच. इंजिन गार असेल तर ही वाफ तिथल्या गार धातूवर थिजते आणि पाणी होऊन ऑइलात मिसळते. तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही उतरतं, कारण गार इंजिन नीट चालावं म्हणून सुरुवातीची काही मिनिटं त्यात जास्त पेट्रोल सोडलं जातं. थंड सिलिंडरच्या भिंतीवर ते चिकटतं आणि ओघळून खाली जातं.

लांबच्या प्रवासात याचं काही बिघडत नाही. ऑइल चांगलं तापतं, शंभर अंशांच्या आसपास जातं आणि तसंच राहतं. पाणी आणि बरंचसं पेट्रोल त्या उष्णतेने उडतं आणि इंजिन ते परत आत ओढून जाळून टाकतं. छोट्या फेरीत ती वेळच येत नाही. इथे एक फसगत होते. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पाचसहा मिनिटांत मधोमध येतो आणि आपल्याला वाटतं, गाडी तापली. तो काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. ऑइल तापायला साधारण दुप्पट वेळ लागतो. बहिणीची 3 किलोमीटरची फेरी दहा मिनिटांत संपते, म्हणजे ऑइल तापायला लागतं तेवढ्यात ती किल्ली बंद करते. पाणी तिथेच राहतं. संध्याकाळी त्यात आणखी भर पडते.

झाकणाखालची साय म्हणजे हेच पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं मिश्रण. ती दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, पण लगोलग डिपस्टिक काढून पाहायची. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ, नेहमीच्या रंगाचं असेल आणि साय फक्त झाकणाला असेल, तर प्रश्न छोट्या फेऱ्यांचा आहे. पट्टीवरचं ऑइलही दुधट असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर कूलंट ऑइलात शिरतंय. बहुधा हेड गॅस्केट गेलेलं असतं आणि ती गाडी चालवत नेऊ नये. बहिणीची पट्टी काळपट होती, दुधट नव्हती. मात्र तिला पेट्रोलचा वास येत होता आणि पातळी वरच्या खुणेच्या थोडी वरच होती. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं की समजावं, त्यात इंधन मिसळतंय. इंधन मिसळलेलं ऑइल पातळ होतं, बेअरिंगवरचा त्याचा थर तुटतो, आणि ऑइलात घातलेली आम्लनाशक द्रव्यं किलोमीटर न वाढताच संपत जातात.

म्हणून तिच्या मॅन्युअलातल्या दुसऱ्या तक्त्यात ऑइलचा आकडा होता 5,000 किलोमीटर किंवा 6 महिने. तिच्या बाबतीत किलोमीटरचा प्रश्नच येत नाही. सहा महिन्यांत तिचे 1,800 होतात, तेव्हा कॅलेंडरच पाहायचं.

डिझेल गाडीवाल्यांना ही गोष्ट आणखी नेमकी लागू होते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी आली, जिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते. त्यासाठी आत सुमारे 600 अंश तापमान लागतं. अनेक इंजिनं ते मिळवण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा, म्हणजे स्फोट होऊन गेल्यानंतर, जादा डिझेल सोडतात. मोकळ्या रस्त्यावर पंधरावीस मिनिटं एका लयीत गाडी चालली तर काम पुरं होतं. पण शहरात हे सुरू असतानाच ऑफिस येतं आणि आपण किल्ली फिरवतो. काम अर्धवट राहतं, गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा जादा डिझेल. उशिरा सोडलेल्या या डिझेलचा काही भाग भिंतीवरून ओघळून ऑइलात उतरतो. डिझेल पेट्रोलइतकं सहज उडतही नाही. अशा गाडीची डिपस्टिक दर पंधरवड्याला पाहावी आणि पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली, तर सर्व्हिसिंगच्या तारखेची वाट न पाहता ऑइल बदलावं. गाळणीचा दिवा लागला असताना गाडी बंद न करता थोडी लांबवर नेऊन आणणं, हा मॅन्युअलातलाच सल्ला आहे. तो पाळण्यासारखा आहे.

छोट्या फेऱ्यांइतकाच फसवा प्रकार म्हणजे रहदारी. मीटर किलोमीटर मोजतो, पण सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन फिरतच असतं. गाडीच्या स्क्रीनवर सरासरी वेग दिसत असेल तर एक हिशेब करून पाहा. महामार्गावर सरासरी 50 पडली, तर 10,000 किलोमीटरला इंजिन 200 तास चालतं. मुंबईत सरासरी 16 पडली, तर त्याच 10,000 किलोमीटरला ते 625 तास चालतं, तिपटीहून जास्त. फोर्डने अमेरिकेतल्या आपल्या पोलिस गाड्यांसाठी हे रूपांतर लिहूनच दिलं होतं: जागेवर एक तास इंजिन चालू राहिलं की ते सुमारे 33 मैल, म्हणजे 53 किलोमीटर, चालल्यासारखं धरा.

पण इथे हात आखडता घ्यायला हवा, कारण तास वाढले की ऑइल त्याच प्रमाणात खराब होतंच असं नाही. 1996 साली अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने न्यूयॉर्कच्या 75 टॅक्सींवर चाचणी घेतली होती. प्रत्येक टॅक्सी 60,000 मैल चालली. काहींचं ऑइल दर 3,000 मैलांना बदललं, काहींचं 6,000 ला. इंजिनं उघडून मोजली तेव्हा झिजेत फरक सापडला नाही. टॅक्सी खडतर वापराच्या यादीत असते, तरीही असं झालं. कारण टॅक्सी दिवसभर गरम असते. तिचं इंजिन एका पाळीत क्वचितच गार होतं आणि ऑइलातलं पाणी उडून जात राहतं. म्हणजे न्यूयॉर्कच्या गर्दीत राबणाऱ्या टॅक्सीपेक्षा दिवसातून चार वेळा 3 किलोमीटर जाणारी बहिणीची गाडी ऑइलसाठी जास्त कठीण ठरते. यादीतली प्रत्येक ओळ प्रत्येक द्रवाला सारखी लागत नाही. म्हणूनच अनेक मॅन्युअलांत त्या ओळींना ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली असतात आणि तक्त्यात प्रत्येक ऑइलसमोर त्याला लागू होणारी तेवढीच अक्षरं असतात. तक्ता वाचताना हीच जोडी लावायची: आपलं अक्षर कोणतं, आणि ते कोणत्या द्रवासमोर आहे.

इंजिन ऑइलला गारठा आणि पाणी नडतं, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला उष्णता नडते. बऱ्याच गाड्यांच्या पहिल्या तक्त्यात या ऑइलसमोर 'तपासण्याची किंवा बदलण्याची गरज नाही' असं लिहिलेलं असतं. लोक ते 'आयुष्यभराचं ऑइल' म्हणून लक्षात ठेवतात. दुसऱ्या तक्त्यात त्याच ओळीत आकडा असतो, काही गाड्यांत 90,000 ते 1,00,000 किलोमीटरचा. एकाच पुस्तकात एका पानावर 'कधीच नाही' आणि दुसऱ्या पानावर 'लाखाला'. जुनी वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेताना हा प्रश्न जरूर विचारावा. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत गिअरबॉक्सच्या आत घसरण सतत चालू असते. त्या घसरणीची उष्णता ऑइलातच जाते आणि त्याला गार करायला पुढून वारा नसतो. तापत राहिलेलं हे ऑइल काळवंडतं, करपल्यासारखा वास मारतं, गिअर पडताना हिसका बसू लागतो. हिसका बसेपर्यंत थांबलं तर मात्र बराच उशीर झालेला असतो.

ब्रेक ऑइलचं कारण पुन्हा वेगळं. त्याचा शत्रू किलोमीटर नाही, हवेतला दमटपणा आहे. हे ऑइल मुद्दामच पाणी शोषून घेणारं असतं. आत शिरलेलं पाणी एका जागी साठून पाइप गंजण्यापेक्षा ऑइलात विरघळलेलं बरं. त्याची किंमत अशी की डॉट-4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटाने उतरताना माणूस ब्रेकवर पाय ठेवूनच राहिला, तर चाकांमधलं ऑइल तेवढं तापू शकतं. ते उकळलं की पाइपमध्ये वाफ होते. वाफ दबते, त्यामुळे पेडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायचं ते यासाठी. मॅन्युअलं साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात, आणि काही मॅन्युअलं घाट किंवा दमट हवा असेल तर त्याहून लवकर. कोकणात राहणाऱ्यांनी आणि दर शनिवारी घाट उतरणाऱ्यांनी वर्षाला एकदा पाण्याचं प्रमाण मोजून घ्यावं. पेनासारखं एक यंत्र डबीत बुडवलं की समजतं आणि 3 टक्के दाखवलं की बदलायचं. नुसत्या रंगावरून ते कळत नाही.

चारचाकी ओढीच्या गाड्यांत पुढच्या-मागच्या धुरीतलं ऑइलही असतं आणि ते सगळ्यात विसरलं जातं. गरम धुरी थंड पाण्यात बुडाली की तिच्यातली हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा सीलमधून पाणी आत खेचलं जातं. त्यामुळे नदी-ओढ्यातून किंवा तुंबलेल्या रस्त्यातून धुरी बुडेल इतक्या पाण्यातून गेलात, तर हे ऑइल किलोमीटर न पाहता तपासायचं. भुरकट दिसलं तर काढून टाकायचं.

राहिलं कूलंट. इथे मी वाचकांना थोडं सावध करीन. पुष्कळ मॅन्युअलांत खडतर वापरातही कूलंटची मुदत फारशी बदलत नाही, कारण त्यातली गंजरोधक द्रव्यं मुख्यतः वयाने संपतात. त्याची मुदत आपणच कमी करतो. उन्हाळ्यात रहदारीत तापमान चढलं, पातळी उतरली, आणि कोणीतरी बोअरचं पाणी ओतलं की झालं. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि गंजरोधक पातळ होतं. असं पाणी एकदा पडलं असेल तर मुदतीचा आकडा विसरावा आणि सगळं काढून नवं भरावं.

सावध करण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याच गाडीला एका सर्व्हिस सेंटरमध्ये 'सिटी यूज आहे साहेब' म्हणून इंजिन फ्लश, इंधन नळ्यांची सफाई आणि कूलंटबदल असं सगळं एकदम लावलं गेलं. मी सही केली. घरी येऊन मॅन्युअल उघडलं, तर त्यातलं एकही काम खडतर वापराच्या तक्त्यात नव्हतं. ऑइल लवकर बदला असं मात्र होतं, आणि नेमकं तेच त्यांनी केलं नव्हतं. तेव्हापासून मी मॅन्युअल गाडीत ठेवतो आणि काउंटरवर तेच पान उघडून दाखवतो.

बहिणीने मेस्त्रींना विचारलं, रविवारी एकदा गाडी लांब फिरवून आणली तर चालेल का? चालेल. खंबाटकीपर्यंत जाऊन आलं की पाणी उडतं आणि बरंचसं पेट्रोलही. पण ऑइलातली संपलेली द्रव्यं त्याने परत येत नाहीत, त्यामुळे सहा महिन्यांची मुदत तीच राहते.

त्या दिवशी मेस्त्रींनी तिचं ऑइल आणि फिल्टर बदलला, झाकण पुसून लावलं. मग बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलं: 'पुढचं ऑइल मार्चअखेर.' किलोमीटरचा आकडा त्यांनी लिहिलाच नाही.

तुमच्या गाडीचं मॅन्युअल बहुधा समोरच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली असेल. येत्या सात दिवसांत गाडी किती वेळा सुरू केली आणि प्रत्येक वेळी किती चालली, एवढं लिहून काढा आणि तो कागद घेऊन दुसऱ्या तक्त्याचं पान उघडा.